‘न्यायप्रविष्ट’ म्हणून आपला कागद कोणी दाबू शकत नाही



मागच्या काही महिन्यांत शुक्रवार पेठेतल्या आपल्या बैठकीत जेवढी उत्तरं वाचली, त्यातल्या बऱ्याच उत्तरांत एकच शब्द होता. न्यायप्रविष्ट. दावा फेटाळला, आपण वर अर्ज केला, आणि लढायला कागद मागितला की साहेब लिहितो, “प्रकरण प्रलंबित असल्याने माहिती देता येत नाही.” म्हणजे भांडण चालू आहे तोवर कागद नाही, आणि भांडण संपल्यावर कागद घेऊन करायचं काय? चुलीत घालायचा? समोरच्या खात्याकडे तोच कागद कपाटात असतो. ते तो बघून बोलतात आणि आपण तोंडी बोलतो.

हा शब्द कायद्यात कुठे आहे ते बघू. माहिती अधिकार कायदा 2005 चा. माहिती नाकारायची कारणं कलम 8 आणि 9 मध्ये दिली आहेत. त्यात कलम 8(1)(ख) म्हणतं, न्यायालयाने किंवा न्यायाधिकरणाने जी माहिती प्रसिद्ध करायला स्पष्ट मनाई केली आहे, किंवा जी दिल्याने न्यायालयाचा अवमान होईल, ती देऊ नये. स्पष्ट मनाई. म्हणजे तसा आदेश पाहिजे. नुसतं प्रकरण चालू आहे हे कारण त्या यादीत कुठेच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 साली दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात हेच सांगितलं आहे. आणि आपला वनहक्काचा अर्ज तर जिल्हास्तरीय समितीपुढे असतो. ती समिती म्हणजे काही कोर्ट नव्हे.

आता एका पारधी कुटुंबाचं प्रकरण सांगतो. नाव-गाव देत नाही, कारण निकाल अजून व्हायचा आहे. माळावरची वनजमीन हे लोक बापजाद्यांपासून कसतात. सोलापूरकडे साहेबलोक म्हणतात, इथे कुठलं जंगल, इथे वनहक्क कायदा कशाला? अरे, जंगल नाही तर वनगुन्हा कशाचा नोंदवता? या कुटुंबावर 1990 नंतर दोनदा गुन्हा लागला होता, दंडही भरला होता. पावत्या झोपडी जळाली तेव्हा गेल्या. उपविभागीय समितीने दावा फेटाळताना लिहिलं, “13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या ताब्याचा पुरावा नाही.”

पुरावा नाही कसा? पुरावा खात्याच्याच दप्तरात आहे. ज्या नोंदवहीत तुम्हाला चोर म्हणून लिहिलं, तीच वही सांगते की त्या तारखेला तुम्ही त्या जमिनीवर नांगर धरून होता. वनहक्क नियम 13 मध्ये वनखात्याचं दप्तर पुरावा म्हणून चालतं.

कागदाच्या मागे लागण्याआधी त्यांनी एक काम केलं, आणि ते सगळ्यांनी करावं. निर्णय हातात मिळाल्यापासून 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज टाकला आणि त्यात लिहिलं, “कागदपत्रे मागितली आहेत, मिळताच जोडू.” माहितीचा अर्ज टाकला म्हणून हे 60 दिवस थांबत नाहीत. उशीर झाला तर समिती आणखी 30 दिवस देऊ शकते, पण ते तिच्या मर्जीवर आहे.

मग माहितीचा अर्ज. पहिला मसुदा एका पोराने लिहिला होता, “आमचा दावा का फेटाळला? आमच्यावर अन्याय का?” असा अर्ज गेला की उत्तर ठरलेलं, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. अधिकाऱ्याने विचार करून उत्तर द्यावं असं हा कायदा सांगत नाही. दप्तरात जे आहे त्याची नक्कल द्यावी एवढंच सांगतो. म्हणून प्रश्न विचारू नका, कागद मागा. आम्ही तो मसुदा फाडला आणि लिहिलं: “अमुक गटाबाबत 1990 ते 2005 या काळातील वनगुन्हा नोंदवहीतील नोंदी, प्राथमिक गुन्हा अहवाल व दंड वसुलीची पावती यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. मूळ नोंदवही पाहू द्यावी.” हा अर्ज वनखात्याला. स्थळ पाहणीचा अहवाल आणि समितीच्या बैठकीचं इतिवृत्त यासाठी वेगळा अर्ज प्रांत कचेरीला. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द असा नियम आहे, तेव्हा दोन कचेऱ्यांची खिचडी करू नका. जोडपत्र अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर तेही लागत नाहीत. कशाला पाहिजे हे विचारायचा अधिकार त्यांना नाही. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका, पुढचे सगळे दिवस त्या शिक्क्यावरून मोजायचे आहेत.

28व्या दिवशी उत्तर आलं. काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंच. कलमाचा आकडा नाही, अपील कुठे करायचं ते नाही. खरं तर नकार देताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिली अधिकाऱ्याचा पत्ता लिहावाच लागतो, कलम 7(8) तसं सांगतं.

उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करायचं असतं. उत्तरच आलं नाही तर 30 दिवस संपले की तो नकार समजायचा आणि तिथून मोजायचं. जोडपत्र ब, वीस रुपयांचा स्टॅम्प. अपिलात रडगाणं घातलं नाही. चारच वाक्यं महत्त्वाची होती: “प्रलंबित असणे हे कलम 8 मधील कारण नाही. कोणत्या न्यायालयाने, कोणत्या तारखेच्या आदेशाने मनाई केली, ती प्रत द्यावी. काही भाग देता येत नसेल तर कलम 10 प्रमाणे तो वगळून बाकी द्यावे. मुदतीत माहिती न दिल्याने कलम 7(6) प्रमाणे प्रती विनामूल्य द्याव्यात.”

सुनावणीला अपिली अधिकारी त्याच खात्यातला मोठा साहेब असतो, हे माहीत असू द्या. तो म्हणाला, “तुम्ही सांगा, का द्यावी?” आमच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, “सायेब, कायद्यात नकार बरोबर हाय हे तुमच्या माणसानं दाखवायचं असतंय.” फक्त दुसऱ्या अपिलासाठी लिहिलेलं कलम 19(5) नव्हे ते. ‘कोणत्याही अपिलात’ असेच शब्द आहेत. माहिती अधिकाऱ्याकडे मनाईचा आदेश नव्हता. असणार कुठून?

अपिलाचा निकाल 30 दिवसांत द्यायचा असतो, कारण लिहून फार तर 45. आदेश आमच्या बाजूने झाला. एका गुन्ह्याची नोंद मिळाली, गट नंबर आणि नांगरट केल्याचा उल्लेख त्यात आहे. ती जिल्हास्तरीय समितीच्या अर्जाला जोडली. दुसऱ्या वर्षाची वही मात्र “आढळून येत नाही” असं लेखी दिलं. न सापडणं हेही कलम 8 मधलं कारण नाही. त्यावर पुण्याच्या राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील टाकलं आहे, त्याला 90 दिवसांची मुदत असते. तिथे वेळ लागतो, म्हणून त्याची वाट बघत जिल्ह्याची सुनावणी सोडायची नाही. त्या वहीबद्दल गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले आहेत. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब नियम 13 मध्ये चालतो.

एक मर्यादा सांगून ठेवतो. कागद कोर्टाच्या फाईलमध्येच असेल, तर तो माहिती अधिकारात मागू नका. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली गुजरातच्या प्रकरणात तसं ठरवलं आहे. पण त्याच कागदाची मूळ प्रत खात्याच्या दप्तरात असेल, तर खात्याकडे मागता येतं, आणि आपले बहुतेक कागद तिथेच आहेत.

ज्यांना “न्यायप्रविष्ट” असं उत्तर आलं असेल त्यांनी ते पत्र आणि पाकीट दोन्ही घेऊन यावं. पाकिटावरच्या टपाल शिक्क्यावरून पत्र कधी आलं ते दाखवता येतं.