काट्याला न दिसणारा फरक

ईद होऊन आठवडा झाला की आमच्याकडे एक तक्रार हमखास येते: "दोन दिवसांत दीड किलो वाढले. महिनाभराच्या रोज्यांचा फायदा गेला!" आम्ही त्यावर आधी हिशोब मांडतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. दीड किलो चरबी चढायला नेहमीच्या जेवणावर आणखी साडेअकरा हजार कॅलरी लागतील. बिर्याणी आणि शीरखुर्मा कितीही झाला तरी दोन दिवसांत एवढे कोणी खात नाही.

मग वाढले काय? बहुतेक पाणी. भात, शेवया आणि साखर यांतून मिळालेली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत आणि यकृतात साठवते. त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. खारट खाण्यानेही पाणी धरून राहते. पाळी येण्याआधीचे दिवस आणि नव्याने सुरू केलेला व्यायाम यांचाही तोच परिणाम होतो. व्यायामाने अंग दुखते तेव्हा स्नायूंना थोडी सूज असते आणि सूज म्हणजे पाणीच.

म्हणून वजनाच्या जोडीला आणखी तीन नोंदी ठेवाव्यात. एक उदाहरण घेऊ. अडतीस वर्षांची गृहिणी ईदनंतर महिलांच्या जिममध्ये आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागली, असे समजा. पहिल्या दिवशी वजन 72.4 किलो, कंबर 94 सेंटिमीटर. दुसऱ्या आठवड्यात वजन 73.1. बऱ्याच जणी इथेच जिम सोडतात. तिने सोडले नाही. बाराव्या आठवड्यात वजन 71.6, म्हणजे किलोभरही कमी नाही. पण कंबर 90. सुरुवातीला सहा किलोचे डंबेल छातीशी धरून ती दहा उठबशा काढत होती, आता बारा किलोचे धरून काढते. चरबी उतरली, स्नायू थोडे भरले आणि काट्यावर दोन्हींची जवळपास फिटंफाट झाली.

कंबर मोजताना जागा चुकली तर सगळे चुकते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या बरोबर मध्ये टेप ठेवावी, सलवारीचा नाडा बांधतो तिथे नव्हे. सकाळी, काही खाण्यापूर्वी, कपड्यावरून न मोजता, सहज श्वास सोडल्यावर मोजावे. टेप जमिनीला समांतर हवी, अंगाला लागलेली पण रुतलेली नको. दोनदा मोजून सरासरी लिहावी. पोट फुगले असेल तर टेपही एखादा सेंटिमीटर फसवते, म्हणून एका मोजणीवर निकाल देऊ नये. पाळी सुरू असणाऱ्यांनी या महिन्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करावी.

फोटो चार आठवड्यांनी एकदा पुरे: तीच भिंत, तोच उजेड, तीच वेळ, तेच कपडे, समोरून, बाजूने आणि पाठीमागून. मोबाइल कमरेच्या उंचीवर फळीवर ठेवून टायमर लावला तर दुसऱ्या कोणाची गरज नाही. चेहरा यायलाच हवा असे नाही. फोटो आपोआप इंटरनेटवर साठवण्याची सोय आधी बंद करावी. फोटो नकोच वाटत असेल, तर अंगाबरोबर बसणारा एक जुना कुर्ता बाजूला ठेवावा आणि महिन्यातून एकदा घालून बघावा.

तिसरी नोंद ताकदीची. वहीत तारीख, व्यायाम, किती किलो आणि किती वेळा, एवढे लिहावे. उठबशी अर्धवट काढून वाढवलेले वजन धरू नये. पहिल्या महिना-दीड महिन्यात ताकद भराभर वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्था ती हालचाल शिकते म्हणून. स्नायू सावकाश भरतात. त्यामुळे ताकदीकडे एकटे पाहू नये, कमरेच्या शेजारी ठेवून वाचावे.

वजन तेच, कंबर कमी आणि ताकद टिकून किंवा वाढती असेल तर जेवण बदलू नका. वजन भराभर उतरते आहे पण वहीतले आकडेही घसरत आहेत, तर स्नायू झिजत असण्याची शक्यता आहे. जेवण, विशेषतः डाळ, अंडी, मासे, मटण यांतली प्रथिने कमी पडतात का ते बघा. चार-सहा आठवडे वजन आणि कंबर दोन्ही वाढत असतील, तर मात्र त्याला पाणी म्हणून चालणार नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांच्या वजनात दोन-तीन दिवसांत दोन किलोंची वाढ झाली, पायांवर बोट दाबल्यावर खळगा राहू लागला किंवा धाप लागू लागली, तर तेही पाणीच असते. पण ते धोक्याचे. तिथे काटा रोज बघायचा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचे.