नमुन्याचे पैसे आणि पहिली मागणी

बेदाण्याचा रंग, दाण्याचा आकार आणि गोडी फोनवरून सांगता येत नाही. म्हणून नवा ग्राहक प्रथम नमुना मागतो. नाशिकच्या एका व्यापाऱ्याकडे इंदूरचा मिठाईवाला बेदाण्याच्या तीन प्रतींचा नमुना मागतो, असे समजू. "नमुन्याचे पैसे कशाला, शेठ? माल पसंत पडला की मागणी देतोच," असे तो म्हणणार. या वाक्याला उत्तर देण्याची वेळ पार्सल निघण्यापूर्वीची असते. पार्सल पोहोचल्यावर दिलेले उत्तर तक्रारीसारखे ऐकू येते.

प्रथम खर्च मांडावा. प्रत्येकी 250 ग्रॅमच्या तीन पुड्या, म्हणजे 750 ग्रॅम. दर किलोला 300 रुपये धरल्यास मालाची किंमत 225 रुपये होते. कुरिअरचे 150 रुपये धरू. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि खोक्याच्या आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारणी करतात. अनेक ठिकाणी लांबी, रुंदी व उंचीच्या सेंटिमीटरांचा गुणाकार करून त्याला 5000 ने भागतात. 30×20×15 सेंटिमीटरचे खोके वापरल्यास हे वजन 1.8 किलो भरते. 20×15×10 चे खोके घेतल्यास ते 0.6 किलोच राहते आणि आकारणी प्रत्यक्ष वजनावर होते. म्हणून खोके आधी निवडावे आणि मगच ग्राहकाला आकडा सांगावा.

माल व कुरिअर मिळून 375 रुपये होतात. मालासोबत आकारलेले वाहतूक शुल्क मालाच्या किमतीचाच भाग मानले जाते. त्यामुळे बेदाण्यावरील 5 टक्के जीएसटी संपूर्ण रकमेवर लागतो. कर 18.75 रुपये, एकूण 393.75. नमुना फुकट दिला, तर त्यावर कर आकारावा लागत नाही. परंतु फुकट वाटलेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट कायद्याच्या कलम 17(5)(ह) नुसार मिळत नाही, आणि आधी घेतली असल्यास ती उलटवावी लागते. म्हणजे फुकट नमुन्यालाही खर्च असतो. फक्त तो ग्राहकाच्या बीजकावर दिसत नाही.

आता परताव्याचा प्रश्न. व्यापाऱ्याचे धोरण असे असू शकते: किमान 50 किलोची पहिली मागणी 45 दिवसांत आली, तर नमुन्याच्या मालाची किंमत वळती होईल, कुरिअरचा खर्च होणार नाही. इंदूरहून 280 रुपये दराने 60 किलोची मागणी आली, तर किंमत 16,800 रुपये होईल. त्यातून 225 वजा करून 16,575 वर कर 828.75 लागेल आणि देय रक्कम 17,403.75 होईल. ही सूट पहिल्या मागणीच्या बीजकावरच स्पष्ट ओळीने दाखवावी. तेव्हाच करपात्र किंमत तेवढी कमी धरली जाते. बीजकाबाहेर रोखीने 225 परत केले, तर कराचा हिशेब जुळत नाही.

ग्राहक मात्र बहुधा 393.75 वळते होतील अशी अपेक्षा धरतो. त्याला साध्या शब्दांत सांगावे: मालाचे 225 आणि त्यावरील कराचे 11.25, असे 236.25 तुमच्या पदरी परत येतात. कुरिअरचे 150 आणि त्यावरील 7.50 तुमच्याकडे खर्ची पडतात. ग्राहक जीएसटी नोंदणीकृत असेल, तर व्यवसायासाठी मागवलेल्या नमुन्याच्या बीजकावरील कर तो आपल्या वजावटीत घेऊ शकतो. म्हणून त्याचा नोंदणी क्रमांक नमुना पाठवतानाच विचारावा.

45 दिवसांची मुदत घाई करण्यासाठी नाही. शीतगृहाबाहेर बेदाण्याचा रंग हळूहळू गडद होतो, आणि ज्या लॉटमधून नमुना काढला तो लॉट विकलाही जातो. मार्चमधल्या नमुन्यावर ऑगस्टमध्ये मागणी घेतली, तर दोन्ही बाजूंना वेगवेगळा माल डोळ्यांसमोर असतो. 1930 च्या माल विक्री कायद्याचे कलम 17 नमुन्यावरून झालेल्या विक्रीत प्रत्यक्ष माल नमुन्याशी जुळला पाहिजे आणि ग्राहकाला तो पडताळण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, असे सांगते. म्हणून पुडीवर लॉट क्रमांक व तारीख लिहावी आणि त्याच लॉटची एक बंद पुडी स्वतःकडे ठेवावी. वाद झाल्यास आठवणीपेक्षा ती पुडी उपयोगी पडते.

ग्राहकाला पाठवायचा मजकूर असा असावा: "तीन प्रती, प्रत्येकी 250 ग्रॅम. माल 225, कुरिअर 150, कर 18.75, एकूण 393.75 आगाऊ. आजपासून 45 दिवसांत किमान 50 किलोची मागणी आल्यास मालाचे 225 रुपये पहिल्या बीजकात करापूर्वी वजा होतील. कुरिअर खर्च वजा होणार नाही. लॉट संपल्यास नवा नमुना दाखवूनच मागणी स्वीकारू." ग्राहकाचे "मान्य" असे उत्तर आल्यावर पार्सल बांधावे.