थकलेल्या बिलाचे पत्र

मैत्रिणींनो, सोलापुरात सात रस्त्याला राहणाऱ्या एका भगिनीने विचारले आहे, “अण्णांकडे पैसे मागायचे कसे? संबंधही तुटायला नकोत, अन् पैसेही यायला हवेत.” हे अण्णा खानावळ चालवतात. गड्ड्याच्या यात्रेसाठी त्यांनी हिच्याकडून 600 कडक भाकरी आणि 20 किलो शेंगाचटणी घेतली. बिल झाले 14,400 रुपये. आगाऊ 4,000 मिळाले, बाकीचे जून उजाडला तरी नाहीत. फोन केला की “बघतो वहिनी” एवढेच!

बाईंनी पत्राचा मसुदाही पाठवला होता. “जरा अडचण आहे, जमेल तेव्हा द्यावे,” असा. अहो, ‘जमेल तेव्हा’ म्हटल्यावर कोण घाई करील? आपली अडचण सांगितली की मागणे उसनवारीचे वाटते. त्याऐवजी मी हे लिहून दिले:

“श्री. अण्णा यांस, सप्रेम नमस्कार. दि. 12 जानेवारीला पोचवलेल्या मालाचे बिल क्र. 27, रु. 14,400. पैकी 4,000 मिळाले, 10,400 बाकी आहेत. बिलाची प्रत सोबत आहे. हिशेबात काही फरक वाटल्यास तीन दिवसांत कळवावे. नसल्यास 25 जूनपर्यंत रक्कम द्यावी. एकदम शक्य नसेल तर हप्त्यांच्या तारखा सहीनिशी लिहून द्याव्यात. बाकी पुरी होईपर्यंत नवा माल रोखीनेच देता येईल. कळावे, आपली नम्र.”

यात रागाचा शब्द नाही, पण निसटायला वाटही नाही. ‘फरक वाटल्यास कळवावे’ मुद्दाम घातले. नाहीतर ऐन तारखेला “चटणी कमी भरली होती” असे निघते. आणि सही कशाला? उधारीच्या मालाचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. त्या मुदतीत देणेकऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली, तर तिथून नवी तीन वर्षे धरतात. फोनवरच्या “बघतो” ने तसे होत नाही बरं!

तुमच्या घरगुती उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर 2006 च्या लघुउद्योग कायद्याचाही आधार आहे. लेखी करार नसेल तर माल घेतल्यापासून 15 दिवसांत, आणि करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. पुढे चक्रवाढ व्याज लागते. मात्र नोंदणी माल देण्याआधीचीच असावी. या बाईंची नव्हती, म्हणून पत्रात कायद्याचे नाव घेतले नाही. पोकळ धमकी समोरच्याला लगेच कळते.

पत्र खानावळीत नेऊन दिले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. घरच्या माणसांसमोर विषय काढला नाही. चौथ्या दिवशी अण्णांनी 5,000 पाठवले आणि उरलेल्या 5,400 साठी 5 जुलै लिहून सही केली. बाईंनी तो कागद बिलालाच टाचून ठेवला आहे.