मर्यादा कोणत्या बाजूला झुकते?

चौथ्या सत्राच्या तोंडी परीक्षा जवळ आल्या की एम.ए. आणि एम.एस.डब्ल्यू.चे विद्यार्थी व्हायवाच्या तयारीचा एक कागद करतात. विषय का निवडला, उद्दिष्टं कोणती, नमुना किती, निष्कर्ष काय, असा सगळा प्रबंध त्यात आटवलेला असतो. शेवटी मर्यादांची ठरलेली वाक्यं येतात: नमुना लहान होता, वेळ कमी होता, अभ्यास एकाच तालुक्यापुरता होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध वाचलेला असतो, त्यामुळे सारांशाचा त्यांना उपयोग नसतो. 'नमुना लहान होता' हे ऐकून ते थांबतही नाहीत. या मर्यादेमुळे तुमचा निष्कर्ष फुगला की दबला, आणि अंदाजे किती, हे त्यांना हवं असतं. तयारीचा कागद या प्रश्नाभोवती लिहावा, असं माझं ठाम मत आहे.

समाजशास्त्र विभागात हमखास भेटणारा विषय घेऊ: बचत गटाचं सदस्यत्व आणि घरातल्या निर्णयांत स्त्रीचा सहभाग. समजा, चार गावांतल्या १२० विवाहित स्त्रियांच्या मुलाखती झाल्या, ६० गटातल्या आणि ६० गटाबाहेरच्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असतात तसेच तीन प्रश्न विचारले: स्वतःच्या औषधोपचाराचा, घरातल्या मोठ्या खरेदीचा आणि माहेरी-नातेवाइकांकडे जाण्याचा निर्णय कोण घेतं? तिन्हींत सहभाग असलेल्या स्त्रिया गटात ४२ निघाल्या, गटाबाहेर ३०. म्हणजे ७० टक्के आणि ५० टक्के. विद्यार्थिनीने लिहिलं, 'बचत गटामुळे निर्णयसहभाग वाढला.'

परीक्षकांचं बोट पहिल्यांदा त्या 'मुळे'वर पडेल. ज्या बाईचं घरात आधीपासून चालतं, तीच गटात जायला मोकळी असते, असं कशावरून नाही? यावर 'ही अभ्यासाची मर्यादा आहे' एवढंच म्हणणं अपुरं आहे. हातातल्या माहितीतून बरंच काही सांगता येतं. अनुसूचीत स्वतःच्या कमाईचा प्रश्न असेलच. त्यावरून स्त्रियांची विभागणी करून पाहावी. समजा, गटातल्या ६० पैकी ४० कमावत्या आहेत आणि गटाबाहेरच्या ६० पैकी फक्त २०. कमावत्यांमध्ये गटातल्या ४० पैकी ३२ जणींचा सहभाग आहे, म्हणजे ८० टक्के. गटाबाहेरच्या २० पैकी १५ जणींचा, म्हणजे ७५ टक्के. न कमावत्यांमध्ये गटातल्या २० पैकी १०, गटाबाहेरच्या ४० पैकी १५. म्हणजे ५० आणि साडेसदतीस टक्के. बेरीज तीच, ४२ आणि ३०. पण सारखीला सारखीशी ताडून पाहिल्यावर २० अंकांचा फरक एकीकडे ५ वर आणि दुसरीकडे साडेबारावर आला. मूळ फरकाचा निम्म्याहून मोठा भाग गटाचा नसून कमाईचा असू शकतो. हा हिशेब कागदावर मांडून नेलेल्या विद्यार्थिनीला परीक्षकांसमोर बोलायला काहीतरी ठोस मिळतं.

मुरलेले परीक्षक इथेच पुढचा प्रश्न विचारतील आणि तो अधिक अवघड आहे. कमाई गटात येण्याआधीची की नंतरची? गटाच्या कर्जातून शिलाई मशीन किंवा शेळ्या घेतल्या आणि मग ती कमावू लागली असेल, तर कमाई हाच गटाचा परिणाम झाला. मग कमाईनुसार विभागणी करून आपण गटाचं श्रेयच त्याच्याकडून काढून घेतलं. दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात. अनुसूचीत 'गटात येण्यापूर्वी कमाई होती का' हा प्रश्न असेल तर उत्तर आहे; नसेल तर सरळ सांगावं की माझ्या माहितीतून हे वेगळं काढता येत नाही आणि तो प्रश्न मी विचारायला हवा होता. गटाबाहेरच्या कमावत्या स्त्रिया २० च आहेत, त्यातल्या एकीचं उत्तर बदललं तरी टक्केवारी ५ ने हलते, हेही आपणच सांगावं. परीक्षकांनी ते काढण्याची वाट पाहू नये.

दुसरा प्रश्न मुलाखत कुठे झाली याचा. गटातल्या बायका बैठकीत एकत्र भेटतात म्हणून त्यांच्या मुलाखती तिथेच उरकल्या जातात. गटाबाहेरच्या घरी गाठाव्या लागतात आणि घरी सासू शेजारी बसलेली असते. बैठकीत, अध्यक्षांसमोर, 'आम्ही ठरवतो' म्हणण्याकडे कल असतो. सासूसमोर 'घरातले ठरवतील ते' म्हटलं जातं. एका बाजूचं उत्तर वर सरकलं, दुसऱ्या बाजूचं खाली, आणि गटाने काहीही केलं नसतं तरी दोघींत अंतर दिसलं असतं. ही मर्यादा नमुन्याच्या आकारापेक्षा कितीतरी गंभीर आहे, आणि प्रबंधांत ती क्वचितच लिहिलेली दिसते. 'मुलाखतीच्या वेळी आणखी कोण होतं' अशी नोंद ठेवली असेल तर एकट्या भेटलेल्या स्त्रियांची टक्केवारी वेगळी काढून न्यावी. त्यांच्यातही फरक टिकला, तर त्यावर विश्वास वाढतो.

'आम्ही दोघं मिळून ठरवतो' हे उत्तर सहभागात मोजलं का, हेही विचारलं जाईल. मोजणं चूक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही ते मोजतात. पण ती उत्तरं वगळून एकदा पुन्हा आकडे काढावेत आणि दोन्ही निकाल जवळ ठेवावेत.

नमुन्याचा आकार कसा ठरवला, यावर अनेक प्रबंधांत यामानेचं सूत्र छापलेलं असतं. ते सूत्र चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यासाठी आहे. ग्रामसंघाच्या अध्यक्षांनी सुचवलेल्या सदस्या आणि त्यांच्या शेजारणी घेतल्या असतील, तर सूत्राचा आधार सांगू नये. नमुना सोयीचा होता म्हणावं आणि लगेच दिशा सांगावी: अध्यक्ष बहुधा बोलक्या, सक्रिय सदस्याच सुचवतात, म्हणून ७० टक्के हा आकडा वर सरकलेला असण्याची शक्यता जास्त.

असा कागद लिहून झाला की प्रबंधाची प्रत उघडून प्रत्येक 'मुळे' शोधावा. गोषवाऱ्यात एक असतो, शेवटच्या प्रकरणात दोन-तीन, शिफारशींत आणखी. 'गटातल्या स्त्रियांत सहभाग अधिक आढळला' एवढंच ही पद्धत म्हणू देते. प्रत सादर झाली असली तरी दुरुस्तीचा पृष्ठक्रमांक कागदावर लिहून ठेवावा आणि विचारल्यावर ते पान दाखवावं. परीक्षकांना त्यात लपवाछपवी दिसत नाही, आकलन दिसतं.

मार्गदर्शकांना माझी एक विनंती आहे. हा कागद विद्यार्थ्यांकडून व्हायवाच्या आदल्या आठवड्यात लिहून घेऊ नका. अनुसूची छापण्याआधी घ्या. गटात येण्यापूर्वी कमाई होती का आणि मुलाखतीच्या वेळी शेजारी कोण होतं, हे दोन रकाने तेव्हा वाढवता येतात. मुलाखती संपल्यावर त्या १२० जणींकडे पुन्हा कुणी जात नाही.