टॅप होत नाही? मशीनला शिव्या घालू नका

फोन टॅप केला आणि काहीच झालं नाही, की आपलं वाक्य ठरलेलं असतं, "तुमचं मशीन गंडलंय." दुकानदाराचंही ठरलेलं, "नेटवर्क नसेल साहेब." माझं मत विचाराल तर बऱ्याचदा घोळ आपल्या हातातल्या फोनचाच असतो, आणि नक्की कुठे अडलंय हे फोन सांगतही असतो. आपण बघत नाही, एवढंच.

आमच्या टीममधल्या एकाचं उदाहरण घ्या. नवीन अँड्रॉइड फोन, औषधाच्या दुकानात 640 रुपयांचं बिल, चार वेळा टॅप करून शेवटी रोख दिले. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या मशीनवर आम्ही प्रयोग केला.

आधी फोन अगदीच ढिम्म. स्क्रीन चालू, एनएफसी चालू, तरी साधं व्हायब्रेशन नाही. म्हणजे अँटेना मशीनपर्यंत पोचतच नव्हती. हा पल्ला जेमतेम 4 सेंटिमीटरचा. त्याच्या कव्हरमध्ये गाडीच्या होल्डरसाठी लोखंडी पत्रा होता, तो काढला. मग फोनची मागची बाजू, कॅमेऱ्याखालचा भाग, मशीनवरच्या लहरींच्या खुणेवर दोन सेकंद स्थिर धरली. (आयफोनची अँटेना वरच्या कडेला असते.) फोन थरथरला!

पण उघडलं भलतंच ॲप, आणि म्हणे कार्ड जोडा. फोनमध्ये पैसे देणारी दोन ॲप्स होती, आणि डीफॉल्ट होतं ते बिनकार्डाचं. सेटिंग्जमध्ये NFC शोधलं की Contactless payments सापडतं, तिथे बदललं.

तिसऱ्यांदा मात्र "अनलॉक करा" आलं. साहेब म्हणाले, चेहरा बघून उघडलाय की! पण नुसत्या कॅमेऱ्यावर चालणारा फेस अनलॉक पेमेंटसाठी बऱ्याच फोनवर पुरेसा धरत नाहीत. बोट टेकवलं, काम झालं.

यावर तो म्हणाला, "त्यापेक्षा लॉकच काढून टाकतो." इथे मात्र माझा ठाम विरोध. प्लॅस्टिकचं कार्ड रस्त्यात पडलं, तर 1 जानेवारी 2021 पासून 5,000 रुपयांपर्यंतचा टॅप पिनशिवाय होऊ शकतो. फोन त्याहून सुरक्षित आहे तो केवळ लॉकमुळे. गूगलचं ॲप तर लॉक काढल्यावर टॅपसाठी जोडलेली कार्डं फोनमधून काढूनच टाकतं, आणि बरोबरच करतं.

फोनने पैसे पाठवल्याची खूण दाखवली आणि मशीनने नकार दिला, तर मात्र बँकेकडे किंवा मशीनच्या नेटवर्ककडे बघा. टॅपला फोनचं इंटरनेट बहुधा लागत नाही, मशीनला बँकेशी बोलायला लागतं.

बाकी फोन कंपन्यांना एकच विनंती. कॅमेऱ्याशेजारी एवढं मोठं नाव छापता, तर अँटेना कुठे आहे त्याचाही एक ठिपका छापा की राव!