पासपोर्ट नाही, विमानात कसे बसायचे?

लोणंदच्या एका भगिनीने आम्हाला विचारले आहे: दिल्लीला भावाच्या घरी लग्न आहे, पुण्याहून विमानाची तिकिटे काढली आहेत. सोबत सत्तर वर्षांची अम्मी, नऊ वर्षांचा मुलगा, दीड वर्षाची मुलगी आणि बहिणीचा बारा वर्षांचा मुलगा आहे. पासपोर्ट कुणाकडेच नाही. विमानतळावर अडवतील का?

अडवणार नाहीत. पासपोर्ट परदेशासाठी, म्हणजे हज-उमरासाठी लागतो. देशातल्या प्रवासासाठी नागरी विमान सुरक्षा विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्ये यादी दिली. तिच्यात पासपोर्टशिवाय आधार, मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, नोकरीचे व विद्यार्थ्याचे ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचे फोटो असलेले पासबुक, फोटो असलेले पेन्शन कार्ड आणि अपंगत्वाचे ओळखपत्र आहे. यांपैकी एकच पुरे, पण मूळ प्रत हवी. झेरॉक्स किंवा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. एम-आधार अ‍ॅपमधले आधार चालते.

अम्मींनी मतदार कार्ड घ्यावे. रेशनकार्ड आणि पतसंस्थेचे पासबुक यादीत नाही. भगिनींचे स्वतःचे आधार पुरेसे आहे.

आईबरोबर असल्याने दोन्ही मुलांना वेगळे ओळखपत्र लागत नाही. मात्र दीड वर्षाच्या मुलीचे तिकीट दोन वर्षांखालच्या बाळाच्या दराने काढले असेल, तर वय दाखवण्यासाठी जन्माचा दाखला जवळ असू द्या.

खरी अडचण भाच्याची आहे. सूट आई-वडिलांबरोबर असलेल्या मुलांना आहे. खाला कितीही जवळची असली तरी ती आई नव्हे. म्हणून त्याचे आधार किंवा फोटो असलेले शाळेचे ओळखपत्र न विसरता घ्या. सुट्टीत शाळा बंद असते, तेव्हा ते आधीच मागून ठेवा.

दुसरी अडचण नावाची. आधारवर 'शेख' Shaikh आणि तिकिटावर Sheikh, किंवा एकीकडे Mohammad आणि दुसरीकडे Mohd, असे आपल्या घरांत नेहमी होते. दारावरचा सुरक्षा जवान तिकीट आणि ओळखपत्र शेजारी धरून पाहतो. म्हणून तिकीट काढताना नाव आठवणीने सांगू नका, ओळखपत्र समोर ठेवून एकेक अक्षर लिहा. तिकीट निघाले असेल तर प्रवासाच्या दिवसाची वाट न पाहता विमान कंपनीला कळवून दुरुस्ती करून घ्या.

एखाद्याकडे यांपैकी काहीच नसेल, तर 'अ' गटातील राजपत्रित अधिकाऱ्याचे, त्यांच्या लेटरहेडवरचे, फोटोवर सही असलेले ओळखीचे पत्र चालते. असे पत्र लोणंदहून निघायच्या दिवशी मिळायचे नाही, आधीच आणावे.

निघण्याआधी रात्री सगळी कार्डे एका पाकिटात घाला आणि ते पाकीट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नव्हे.