बँकॉकची नोकरी: एजंट खरा, पण कंपनी?

ग्वाल्हेर : थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी सांगून नेलेल्या भारतीय तरुणांना बेकायदा म्यानमारमध्ये नेऊन डांबल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केले होते. इथल्या मराठी घरात अशी ऑफर आली, तर तपासणी दोनदा करावी लागते. एजंटाचा परवाना emigrate.gov.in वरच्या यादीत बघावा. खऱ्या एजन्सीचं नाव भलताच कुणी वापरू शकतो, म्हणून फोन यादीतल्याच नंबरवर लावावा. पण परवाना खरा निघाला म्हणून तिकडची कंपनी खरी ठरत नाही. तिची चौकशी बँकॉकच्या भारतीय दूतावासाकडे करावी. ‘टुरिस्ट व्हिसावर या, परमिट नंतर बघू’ असं कुणी म्हटलं, तर तिथंच थांबावं. त्या व्हिसावर थायलंडमध्ये नोकरी करताच येत नाही.